४ वर्षं अनुभव, ठाणे : बाहेर एमएस की इथे एमबीए? (आकड्यांसकट मतं हवीत)

घोडबंदर_बॅकएंड
नमस्कार मंडळी. वय २६, मुंबई युनिव्हर्सिटीचा कॉम्प्युटर बीई. चार वर्षं ऐरोलीला माइंडस्पेसमध्ये नोकरी, जावा-स्प्रिंग बॅकएंड, क्लायंट पेमेंट्सवाला. सीटीसी १४ लाख, हातात लाखाच्या आसपास येतात. काम वाईट नाहीये पण टीममध्ये वर सरकायला जागाच नाहीये आणि आता दोन वर्षं खर्च करायचीच असतील तर कुठे करायची हे ठरत नाहीये.

पर्याय एक, २०२७ च्या फॉलला अमेरिकेत एमएस इन सीएस. मधल्या फळीतली स्टेट युनिव्हर्सिटी धरली तर फी, राहणं, इन्शुरन्स सगळं मिळून ५८ लाखांपर्यंत जातंय, माझे ८ लाख साठलेत, म्हणजे ५० लाखांचं लोन. पर्याय दोन, या नोव्हेंबरला कॅट देऊन २०२७ ला आयआयएम, २५ लाखांच्या आसपास लोन. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत, घर वर्तकनगरला स्वतःचं आहे. आई म्हणते दोन्ही नको, लग्न कर, तो पर्याय सध्या बाजूला ठेवलाय :)

पटकन_पुढे
अमेरिका विसर भाऊ. २०२५ च्या सप्टेंबरपासून एच-वन-बी वर्क व्हिसाला कंपनीला एक लाख डॉलर भरावे लागतात, कोण भरणार तुझ्यासाठी? सगळं बंद झालंय तिकडचं. गप कॅट दे.

सुलभा_वाशी
आमच्या मुलाचं पण हेच चाललंय. तो शेवटच्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स, एक केटी राहिलीये. त्याने थेट एमएसला जावं की आधी नोकरी करावी? सानपाड्याच्या एका कन्सल्टंटने सांगितलं की अनुभव नसला तरी चालतं, फक्त त्यांच्याकडून फॉर्म भरावे लागतील. कोणाला अनुभव?

कळवा_नाका
सुलभाताई, धागा चार वर्षं अनुभववाल्याचा आहे हो. तरी सांगतो, आधी ती केटी काढू दे. आणि जो कन्सल्टंट तुमच्याकडून पैसे घेत नाही त्याला युनिव्हर्सिटीकडून कमिशन मिळत असतं, त्यामुळे तो नावं कुठली सुचवतोय ते बघा.

फॉल२१
मूळचा नेरूळचा, २०२१ च्या फॉलला आलो, सध्या डॅलसजवळ आहे. पटकन_पुढे अर्धं बरोबर बोलतायत. एक लाख डॉलरची भानगड खरी आहे, पण ती मुख्यतः बाहेरून नव्याने आणायच्या माणसाला लागते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या इमिग्रेशन खात्याने, यूएससीआयएसने, स्पष्ट केलं की इथेच एफ-वन स्टुडंट व्हिसावर असलेला विद्यार्थी आतल्या आत एच-वन-बीवर गेला तर ती फी लागत नाही. म्हणजे भारतातल्या ऑफिसमधून थेट ऑनसाइट यायचं दार जवळपास बंद झालं आणि इथे शिकलेल्याचं त्या मानाने उघडं राहिलं. उद्या हेही बदलू शकतं, त्याची हमी कोणी देणार नाही.

पण माझं म्हणणं असं की एच-वन-बी कोणाला द्यायचा हे लॉटरीने ठरतं आणि तुम्ही सगळे त्या लॉटरीकडे बघत बसता आणि खरा धोका त्याच्या आधी येऊन जातो. तुझंच कॅलेंडर मांडू. ऑगस्ट २०२७ ला आलास, मे २०२९ ला पास. मग ओपीटी, म्हणजे शिकून झाल्यावर स्टुडंट व्हिसावरच काम करायची परवानगी, बारा महिने, आणि डिग्री स्टेमवाली म्हणजे सायन्स-टेक्नॉलॉजी-इंजिनिअरिंग-मॅथ्सच्या सरकारी यादीतली असेल तर वर चोवीस. म्हणजे २०३२ च्या उन्हाळ्यापर्यंत तू कुठल्याही लॉटरीशिवाय इथे कायदेशीर काम करू शकतोस. त्यात मार्च २०३०, ३१ आणि ३२ अशा तीन लॉटऱ्या मिळतात.

आता अडचण कुठे येते बघ. ओपीटी सुरू झाल्यावर तुला जास्तीत जास्त ९० दिवस बिनकामाचं राहता येतं, ते संपले की स्टेटस जातं. हे दिवस पास झाल्यापासून मोजत नाहीत, ओपीटीच्या कार्डावर जी सुरुवातीची तारीख असते तिथपासून मोजतात, आणि ती तारीख कोर्स संपल्यापासून साठ दिवसांच्या आत कुठलीही मागता येते. म्हणजे उशिराची तारीख मागितलीस तर मे अखेरपासून साधारण ऑक्टोबर अखेरपर्यंत वेळ मिळतो. त्यात नोकरी लागली तर तुझं लोन फिटतं आणि नाही लागली तर सामान बांधायचं, लॉटरीपर्यंत गोष्ट जातच नाही.

घोडबंदर_बॅकएंड
हे असं कोणी सांगितलंच नव्हतं, मी पण एच-वन-बीचेच टक्के बघत होतो. मग लोन तीन वर्षांत फिटतं का खरंच?

फॉल२१
नोकरी लागली तर आरामात. वर्षाला लाख-सव्वालाख डॉलर पगार धर, टेक्साससारख्या ठिकाणी रूममेटबरोबर राहिलास तर महिन्याला तीन हजार डॉलर बाजूला पडायला हरकत नाही. दोन-अडीच वर्षांत संपतं लोन. म्हणजे एच-वन-बी कधीच लागला नाही तरी तू कर्ज फेडून, थोडे पैसे घेऊन परत येशील. हे फार कमी लोक धरतात हिशोबात.

पण मी २०२३ ला पास झालो तेव्हा इकडे लेऑफ जोरात होते आणि आमच्या बॅचमधले जे सरळ बीईनंतर आले होते त्यांचे फार हाल झाले, ज्यांच्याकडे तीन-चार वर्षांचं खरं काम होतं त्यांना निदान इंटरव्ह्यूचे फोन यायचे. तुझा पेमेंट्सचा अनुभव इथे कामाचा आहे, तो सोडून मशीन लर्निंगच्या मागे लागून फ्रेशरच्या रांगेत उभा राहू नकोस. आणि पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात इंटर्नशिप मिळाली नाही तर तीच घंटा समज, कारण पुढची नोकरी बरेचदा तिथूनच येते.

अजून एक, त्या ९० दिवसांच्या भीतीने पोरं कुठल्यातरी कन्सल्टन्सीच्या पेरोलवर कागदोपत्री जातात, ते रेझुमेवर चार वर्षांची आठ करून देतात. हे पुढे व्हिसाच्या वेळी निघतं. अजिबात करू नको.

पटकन_पुढे
बरं एक लाखाचं मान्य. पण लॉटरी तर लॉटरीच ना, नशिबाचा खेळ.

फॉल२१
पूर्वी होती तशी राहिली नाहीये. २०२६ पासून वजन लावलंय, तुमचा पगार त्या शहरातल्या त्याच कामाच्या सरकारी चार पातळ्यांपैकी कितव्या पातळीत बसतो त्यावर नाव एकदा, दोनदा, तीनदा किंवा चारदा टाकतात. पहिल्या पातळीवाल्याचं एकदाच. त्यामुळे चार वर्षांच्या अनुभवावर पगार भांडून दुसऱ्या पातळीत नेता आला तर फायदा आहे. न्यूयॉर्क किंवा बे एरियात त्याच पातळीला पगार बराच जास्त लागतो, हे लोक विसरतात.

निवांत_डोंबिवलीकर
मी एका सरकारी बँकेतून रिटायर झालो, शेवटची काही वर्षं एज्युकेशन लोनच बघायचो. पोरा, तू ५० लाख म्हणतोयस पण ते ५० राहत नाहीत. दर सहा महिन्यांनी साडेबारा लाख असे चार हप्त्यांत बँक पैसे देईल असं धर, कोर्स दोन वर्षं आणि वर सहा महिने सूट. ११ टक्क्यांनी त्या अडीच वर्षांचं नुसतं सरळव्याजच साडेनऊ लाखांच्या वर जातं. म्हणजे हप्ता सुरू होईल तेव्हा डोक्यावर साधारण ५९ लाख ६० हजार. दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याला ८२ हजारांच्या जवळ.

डॉलरमध्ये कमावत असशील तर नऊशे-साडेनऊशे डॉलर, जाणवणार नाही. पण परत येऊन इथे २५ लाखांची नोकरी लागली तर हातात येणार दीड-पावणेदोन लाख, त्यातला निम्मा हप्त्यात. आणि वडील तोपर्यंत रिटायर झालेले.

तुझ्या एमबीएचं तसंच मांडतो. २५ लाख, ९ टक्के, तीच पद्धत. हप्ता सुरू होताना २९ लाखांच्या आत, महिन्याला ३६-३७ हजार. तो इथल्या कुठल्याही बऱ्या पगारात बसतो. नावाजलेल्या आयआयएमसाठी सरकारी बँका घर गहाण न ठेवता लोन देतात, व्याजही कमी लावतात.

आता मुख्य प्रश्न. वर्तकनगरचं घर म्हणतोस, बिल्डिंग केवढी जुनी? रीडेव्हलपमेंटला गेली आहे का?

घोडबंदर_बॅकएंड
काका, म्हाडाची जुनी वसाहत आहे, रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा चालू आहेत, बिल्डर जवळपास ठरलाय. त्याचा काय संबंध?

निवांत_डोंबिवलीकर
तिथेच तर सगळं अडतं. ११ टक्के मी तारण नसलेल्या लोनचे धरलेत, खाजगी फायनान्स कंपन्या साधारण तिथूनच सुरू करतात आणि १३ पर्यंत जातात. सरकारी बँकेत घर तारण ठेवलं तर दर एक-दीड टक्क्याने तरी खाली येतो. पण बँकेचा वकील कागद बघतो ना तेव्हा त्याला सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पहिल्या मालकापासूनची करारांची साखळी, सोसायटीची एनओसी, हे सगळं लागतं. म्हाडाच्या घरात मधे कोणी पॉवर ऑफ ॲटर्नीवर विकत घेतलं असेल आणि म्हाडाकडे नाव ट्रान्सफर झालं नसेल तर साखळी तिथेच तुटते. आणि बिल्डरशी करार रजिस्टर झाला की आज जे घर आहे ते पाडलं जाणार आणि नवीन अजून उभं नाही, अशा मधल्या अवस्थेत बँक बहुतेक हात वर करते.

नवीन कॉम्प्लेक्सवाले हसू नका, ज्यांच्या बिल्डिंगला ओसीच नाही अशांना पण मी परत पाठवलंय.

तेव्हा ॲडमिशन यायची वाट बघू नकोस, आधी बाबांबरोबर बसून कागद काढ. ॲडमिशन हातात आल्यावर जुलैमध्ये कळलं की तारण चालत नाही, तर मग घाईत जो देईल त्याच्या दराने घ्यावं लागतं.

कळवा_नाका
आणि ८०ई चं काय काका? व्याजावर टॅक्स सूट मिळते म्हणतात.

निवांत_डोंबिवलीकर
मिळते, आठ वर्षं, पूर्ण व्याजावर. पण जुन्या टॅक्स पद्धतीतच. नवीन पद्धत घेतली की शून्य. आणि अमेरिकेत कमावत असशील तर इथे टॅक्सच नाही, सूट कशावर घेणार.

खारघरची_गार्गी
इथे सगळे एमबीए म्हणजे सेफ असं धरून चाललेत म्हणून लिहितेय. मी साडेतीन वर्षं टेस्टिंग ऑटोमेशन करून एमबीए केलं, आता एका फिनटेकमध्ये प्रॉडक्टला आहे. हप्ता कमी आहे हे खरं, पण त्याची किंमत दुसरीकडे भरावी लागते.

पहिली गोष्ट म्हणजे कॅट. इंजिनिअर, मुलगा, ओपन कॅटेगरी असशील तर वरच्या आयआयएमसाठी ९९ च्या पुढेच बोलायचं आणि दहावी-बारावीचे मार्क पण मधे येतात, ते आता बदलता येत नाहीत. दोन तासांची परीक्षा, प्रत्येक सेक्शनला चाळीस मिनिटं, क्वांट इंजिनिअरला जमतं, अडतं ते डीआयएलआरला, म्हणजे डेटा आणि लॉजिकच्या सेक्शनला, कारण चुकीचा सेट उचलला की त्यातच पंधरा मिनिटं जातात. घोडबंदर ते ऐरोली विटाव्याच्या ट्रॅफिकमधून रोज करून रात्री मॉक द्यायचे, हे बोलायला सोपं आहे. एमएसला निदान कुठेतरी ॲडमिशन मिळतेच, कॅटमध्ये वर्ष अख्खं रिकामं जाऊ शकतं.

दुसरी गोष्ट, जी कोणी सांगत नाही. कॅम्पसवर गेल्यावर पहिल्या काही महिन्यांतच समर इंटर्नशिपचं सुरू होतं आणि तेव्हा कंपन्या तुझ्याकडे बघून म्हणतात हा आयटीवाला. प्रॉडक्टच्या जागा सगळ्यांना हव्या असतात आणि असतात थोड्या. माझ्या बरोबरच्या बऱ्याच आयटीवाल्यांना शेवटी आयटी कन्सल्टिंग, प्रीसेल्स असंच मिळालं, म्हणजे दोन वर्षं आणि पंचवीस लाख देऊन त्याच धंद्यात, फक्त कोड न लिहिता प्रेझेंटेशन करायची. काहींना ते आवडलं, तेही खरं. अनुभववाल्यांसाठी लॅटरल्स म्हणून वेगळी फेरी असते काही ठिकाणी, तिथे चार वर्षं उपयोगी पडतात, पण ती पण तुझ्याच क्षेत्राच्या आसपासची असते.

ॲव्हरेज पॅकेजवर जाऊ नकोस. एनआयआरएफला प्रत्येक संस्था जो डेटा देते त्यात मीडियन पगार असतो आणि किती जण प्लेस झाले ते पण असतं, ते बघ. आणि कोणत्या रोलला किती गेले ते सीनियरला लिंक्डइनवर विचार, ब्रोशरमध्ये कळत नाही.

घोडबंदर_बॅकएंड
मग एक वर्षाचा कोर्स? पगार तरी एकाच वर्षाचा बुडेल.

खारघरची_गार्गी
चार वर्षांवर तुला सगळीकडे घेत नाहीत. आयएसबीला दोन वर्षांवर चालतं, आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्सला चार लागतात. बेंगलोर आणि कलकत्त्याच्या एक वर्षाच्या कोर्सला निदान पाच. फी सगळीकडे भरपूर, पस्तीस-चाळीस लाखांची तयारी ठेव. पण एक गंमत आहे, या कोर्सना जीआरई चालतो आणि स्कोअर पाच वर्षं टिकतो. म्हणजे जीआरई एकदा नीट दिलास तर एमएस आणि एक वर्षाचं एमबीए दोन्हीचे फॉर्म त्यावरच जातात. मी तुझ्या जागी असते तर कॅटच्या आधी तो दिला असता.

म्युनिक_ते_मुलुंड
सगळे बाहेर म्हणजे अमेरिकाच का धरतायत? जर्मनीत बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे, ते तुझेच पैसे, महिन्याला ९९२ परत मिळतात राहायला. शिकून झाल्यावर नोकरी शोधायला अठरा महिने. ५० लाखांचं लोन लागतच नाही. मात्र आपल्या डिग्रीचे कागद तपासून मिळणारं एपीएस सर्टिफिकेट आधी काढावं लागतं, म्युनिकच्या टीयूएमने बाहेरच्यांना आता फी लावलीये, बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये पण सेमिस्टरला १५०० युरो आहेत. आणि जर्मन भाषा. इंग्रजीवर डिग्री मिळते, नोकरी मिळेलच असं नाही, माझं बी-वन होईपर्यंत बहुतेक ठिकाणी पहिल्या फेरीतच गाडी अडायची. पगार अमेरिकेएवढा नाही, पण डोक्यावर पण काही नाही.

पटकन_पुढे
मी काय म्हणतो, नोकरी न सोडता शनिवार-रविवारचं एमबीए कर ना. माझा साडू करतोय, वाशीहून जातो.

खारघरची_गार्गी
कंपनीतच मॅनेजर व्हायचं असेल तर ठीक आहे. कॅम्पस प्लेसमेंट त्यात धरू नका, आणि त्याला वर सरकायला जागाच नाही असं त्याने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

कळवा_नाका
मला कळत नाही, याने अजून एकदाही कंपनी का नाही बदलली? चार वर्षं पेमेंट्स बॅकएंड, बीकेसीत नाहीतर पुण्यात वीस-बावीस लाख देणारे आहेत. दोन वर्षांत बुडणारा पगार कोणीच धरला नाही हिशोबात. हातात लाख रुपये म्हटलं तर चोवीस लाख ते झाले, दोन्ही पर्यायांत, आणि कंपनी बदलली तर त्याहून जास्त. एमएस ५८ चं नाही, ८२ चं आहे.

फॉल२१
हिशोब बरोबर आहे. पण मग प्रश्न असा की त्याला काय करायचंय. कोड लिहायला आवडत असेल तर एमबीए करूच नये, आवडत नसेल तर एमएस करू नये, कारण एमएसनंतर ९० दिवसांत मिळणारी नोकरी कोड लिहायचीच असणार आहे आणि इंटरव्ह्यू पण त्याचेच. आमच्याकडे एक जण मॅनेजमेंटकडे जायचं म्हणून इकडे आला, रोज लीटकोड करताना शिव्या घालायचा.

आणि कोर्स निवडताना युनिव्हर्सिटी व्हिसासाठी जो आय-ट्वेंटी फॉर्म देते त्यावर सीआयपी कोड, म्हणजे कोर्सच्या विषयाचा सरकारी नंबर, काय येणार ते आधी डिपार्टमेंटला विचार. नावात टेक्नॉलॉजी आहे म्हणून स्टेम असेलच असं नाही. स्टेम नसेल तर बारा महिनेच, मग वरचा सगळा लोनचा हिशोब कोसळला.

घोडबंदर_बॅकएंड
कोड लिहायला आवडतं. मीटिंगा आवडत नाहीत. हे लिहिताना जाणवतंय की एमबीएचं मी पगार बघूनच धरलं होतं.

सध्या असं करतोय, जीआरईची तारीख ऑगस्टची घेतो, त्याच वेळी दोन-तीन ठिकाणी इंटरव्ह्यू देऊन बघतो मार्केटमध्ये मला कोण किती देतं. कॅटचा फॉर्म भरून ठेवेन, अभ्यास होईल असं वाटत नाही. जर्मनीचं पण वाचतो, एपीएसला किती वेळ लागतो कोणी सांगेल का?

काका, बाबांना आज विचारलं. घर आजोबांनी मूळ मालकाकडून घेतलेलं, म्हाडाकडे ट्रान्सफर झालंय, पण शेअर सर्टिफिकेटवर अजून आजोबांचंच नाव आहे आणि ते जाऊन बरीच वर्षं झाली. आत्या दोन आहेत.

निवांत_डोंबिवलीकर
मग आधी ते. नॉमिनेशन होतं का बघ, पण बँकेला नुसतं नॉमिनेशन पुरत नाही. दोन्ही आत्यांचं रजिस्टर्ड हक्कसोडपत्र लागेल, ते झालं की सोसायटीत बाबांच्या नावावर. बिल्डरचा करार रजिस्टर व्हायच्या आधी झालं तर बरं. आत्यांशी संबंध कसे आहेत?

घोडबंदर_बॅकएंड
एकीशी चांगले आहेत.